साठ मिलिग्रॅमचे अकरा दिवस

"ताई, नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी माणूस असा भ्रमिष्ट होतो का? आधीपासून काहीतरी असेलच ना? आणि तरी पुन्हा त्याच गोळ्या कशा घेतल्यात?"

होतो. आणि आधीपासून माझ्यात काही नव्हतं, माझ्या घरात कुणाला नव्हतं. हे मी इतक्या जणींना सांगितलंय की आता सांगताना आवाज चढतो, म्हणून एकदा लिहूनच काढते. मला नेफ्रोटिक सिंड्रोम होता, म्हणजे किडनीतून प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि अंगाला सूज येते; बायोप्सीचं वगैरे परत सांगत नाही.

माझं वजन ६१ किलो, आणि या आजारात मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, देतात, म्हणून मला रोज ६०. सकाळी नाश्त्यानंतर वीसच्या तीन गोळ्या एकदम. सकाळी अशासाठी की संध्याकाळी घेतल्या तर झोप आणखीच उडते. माझी सकाळी घेऊनही उडाली. दुसऱ्या रात्रीपासून तीन तास, मग दोन. पण खरं सांगू का, मला त्याचा त्रासच होत नव्हता. महिनाभर पाय जड, चेहरा सुजलेला, जिना चढवत नव्हता, आणि आता पहाटे तीनला उठून मी सगळे डबे घासून पुसून लावतेय, जुन्या मैत्रिणींना लांबलचक मेसेज करतेय, बंद पडलेले क्लासेस नव्याने काढायचा हिशोब मांडतेय. हे म्हणाले, "अगं, जरा पड की." मी म्हटलं, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हीच पहिली खूण होती, आणि ती घरात कुणालाच खूण वाटली नाही, कारण आजारी माणूस आनंदात असेल तर त्याची काळजी कोण करतं? गोळ्या लागू पडल्या असंच सगळ्यांना वाटलं.

मग नववा, दहावा दिवस. बोलणं इतकं भराभर की मधे कुणी बोललं की राग यायचा. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मी मोजायला लागले. आणि अकराव्या दिवशी पहाटे ते पट्टीचं झालं.

लघवीतलं प्रोटीन बघायची पट्टी असते ना, पिवळी असली तर प्रोटीन नाही, जितकी हिरवी तितकं जास्त, आणि डबीवर रंगांचे चौकोन छापलेले असतात. माझी पट्टी रोज गडद हिरवीच यायची, तीन अधिक. त्या पहाटे मी स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली पट्टी धरून बसले आणि मला दिसलं की हे तीन अधिक म्हणजे तीन माणसं आहेत, आणि डबीवरचे चौकोन रात्रीतून कुणीतरी बदललेत. दिसलं म्हणजे वाटलं नव्हे, कळलं. जसं हा टेबल आहे हे कळतं तसं. मी डबीतल्या सगळ्या पट्ट्या एकेक करून भिजवल्या आणि ओट्यावर ओळीत मांडल्या. आवाजाने सासूबाई उठल्या, त्यांना काही समजेना, त्यांनी आपली माझी अळणी खिचडी गरम करून पुढे ठेवली. मी म्हटलं, "आई, यात काय घातलंत?" त्या म्हणाल्या, "अगं मीठसुद्धा नाही घातलेलं." आणि समोर उभं राहून त्यांनी त्यातलाच चमचाभर स्वतः खाल्ला. मी त्यांच्या घशाकडे बघत होते. आणि माझ्या मनात आलं, उतारा आधीच घेतला असणार.

हे मला कुणाला समजावता येत नाही. तुम्ही म्हणता, पुरावा समोर होता की. होता, पण प्रत्येक पुरावा त्याच बाजूला जात होता. शंका यायला जी फट लागते ती बुजलेली होती. मी खिचडी बेसिनमध्ये ओतली आणि दार उघडून जिन्यात जाऊन बसले, हे येईपर्यंत.

दवाखान्यात आधी सगळा दोष गोळ्यांवर टाकला नाही, आणि ते बरोबरच. जंतुसंसर्ग, सोडियम, साखर तपासली, डोक्याचा एमआरआय केला, कारण या आजारात रक्त गोठायची भीती असते, मेंदूच्या शिरेतही. सगळं नीट निघालं. मग ६० चे ४० केले, एकदम बंद नाही केल्या, आजार अंगावर होताच. (ज्यांना तीन आठवड्यांहून जास्त चालू आहेत त्यांनी तर मनाने कधीच बंद करू नयेत, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, जिवावर बेतू शकतं.) रात्री ओलान्झापिन हे भ्रमावरचं औषध सुरू झालं, पहिल्याच रात्री सात तास झोपले. संशय मात्र झोपेबरोबर गेला नाही. पाचव्या दिवशी आईंच्या हातचं खाल्लं, नवव्या दिवशी ते सगळं खोटं होतं हे पटलं. पटल्यावरची लाज वेगळी.

आता डोसचं. बोस्टनच्या एका जुन्या पाहणीत, १९७२ ची, ७१८ पेशंट होते. दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत शंभरात एखाद्यालाच मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास, आणि ८० च्या वर १८ टक्के. म्हणजे डोस वाढला की शक्यता वाढते. पण डोसवरून हे कळत नाही की त्रास कधी सुरू होईल, किती जोराचा असेल, किती दिवस टिकेल. बहुतेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच होतो. आणि मिलिग्रॅम बघताना गोळी कुठली ते बघा, डेक्सामेथासोनचे ६ म्हणजे प्रेडनिसोलोनचे ४० च. दम्याचा पंप मात्र मायक्रोग्रॅममध्ये असतो, माझी गोष्ट ऐकून पोराचा पंप बंद करू नका, कृपा करून.

माझ्या बाबतीत आणखी एक होतं. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन पार १.६ वर उतरलेलं, आणि हे औषध रक्तात बरंचसं प्रोटीनला चिकटून फिरतं. प्रोटीनच कमी, तर मोकळं औषध जास्त. म्हणजे कागदावर ६०, पण अंगाला किती लागत होतं कोण जाणे. मग एवढे दिले कशाला, असं मी डॉक्टरांना भांडून विचारलं. या आजाराला तेवढेच लागतात, हे उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं होतं. आता वाटत नाही. पण "झोप कमी होईल" याच्यापुढे त्यांनी काही सांगितलं नव्हतं, हे मी अजून धरून आहे. हे म्हणतात, सांगितलं होतं, तू सुजेचंच विचारत होतीस. असेल.

पुन्हा कशा घेतल्या? दोन वर्षांनी सूज परत आली म्हणून. दुसरी औषधं होती, त्यांचे त्यांचे धोके ऐकले, आणि ज्याचा धोका मला आतून माहीत आहे तेच बरं असं ठरवलं. ४० वर सुरू केलं. यांनी कॅलेंडरवर रोज माझ्या झोपेचे तास लिहिले. सलग दोन रात्री चार तासांच्या खाली गेलं की फोन, मी कितीही खुशीत असले तरी, किंबहुना खुशीत असले तर आधी. एकदा करावा लागला. झोपेची गोळी वाढली, पुढे काही झालं नाही. ते ४० मुळे, की या वेळी अल्ब्युमिन तेवढं पडलं नव्हतं म्हणून, की नुसतंच नशीब, कारण एकदा झालं म्हणून दर वेळी होतंच असं नाही आणि एकदा झालं नाही म्हणून पुढे होणार नाही असंही नाही, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

आई अजूनही माझ्या ताटातला पहिला घास स्वतः घेतात. त्यांना वाटतं त्या दिवशी त्यांनी खाल्लं म्हणून मला धीर आला. उताऱ्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही.