आमची वाटचाल: फलक बसच्या खिडकीतून वाचायचा असतो

2009 साली मी आणि माझ्या भावाने ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका गाळ्यात फ्लेक्स छपाई सुरू केली. एक जुनं मशीन, एक संगणक आणि सणासुदीची कामं, एवढाच पसारा होता. रस्ता सुरक्षेचे फलक आमच्याकडे आले ते पाच वर्षांनी. घोडबंदर रोडवर खांबांवर लावायचे तीन फूट रुंद, चार फूट उंच असे फलक एका सामाजिक संस्थेला हवे होते. मी मन लावून डिझाइन केलं. हेल्मेटचं चित्र, खाली पाच ओळींचा मजकूर, त्याखाली संस्थेचं बोधचिन्ह. सगळ्यांना आवडलं.

फलक लागल्यावर आठवड्याने मी माजिवड्याहून बसने निघाले होते. कंडक्टरकाकांना सहज विचारलं, "काका, हे नवे फलक कशाचे आहेत हो?" ते दिवसातून चार वेळा त्यांच्यासमोरून जात होते. म्हणाले, "पोलिओचे ना, ताई? डोस कधी आहे ते लिहिलंय बहुतेक." मला फार वाईट वाटलं. हेल्मेटचा गोल आकार त्यांना बाळाचं डोकं वाटला होता, आणि अक्षरं वाचताच आली नव्हती.

त्या दिवसापासून आमचं काम बदललं. पुढच्या मोहिमेला मी संस्थेला सांगितलं की एक डिझाइन मंजूर करू नका. तीन छापू, लावू, आणि बसमधल्या माणसांना विचारून ठरवू.

आधी बसमधून दिसतं किती, ते मोजलं. बस ताशी 30 किलोमीटर वेगाने चालली तर सेकंदाला साधारण 8 मीटर जाते. खांब बसच्या डाव्या खिडकीपासून सहा मीटरवर, आणि फलक रस्त्याला समांतर. अशा फलकाकडे फार तिरकं पाहिलं की अक्षरं चेपलेली दिसतात. 45 अंशांच्या आत आल्यावरच तो नीट वाचता येतो, म्हणजे खांब जेमतेम सहा मीटर पुढे असताना. तिथून खिडकी खांबासमोर यायला पाऊण सेकंदही लागत नाही. पुढे गेल्यावर मान वळवून कोणी पाहत नाही.

म्हणून आम्ही फलक येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून वळवला. आता तो 25 मीटरवरून दिसू लागला आणि आठ मीटर उरेपर्यंत वाचता येऊ लागला. मधलं अंतर 17 मीटर, म्हणजे दोन सेकंद. नुसत्या क्लँपच्या कोनाने वेळ तिप्पट झाला, डिझाइनला हातही न लावता. दोन सेकंदांत चार-पाच शब्द वाचून होतात, त्याहून जास्त नाही. अक्षरांसाठी छपाईवाल्यांचा जुना हिशोब असा की दहा फुटांना एक इंच. 25 मीटर म्हणजे 82 फूट, म्हणून आठ इंचांचं अक्षर हवं. देवनागरीत हे आठ इंच शिरोरेषेपासून खालचे धरावेत. मात्रा, वेलांट्या, उकार धरून मोजलं की मूळ अक्षर बारीक होतं आणि तेच आधी पुसट दिसतं.

तिन्ही फलकांवर हेल्मेटचा पट्टा लावा हीच गोष्ट होती, कारण डोक्यावर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पडताना निघून जातं. पहिल्या फलकावर काळ्या रस्त्यावर रक्त, बाजूला पडलेलं हेल्मेट आणि लाल अक्षरांत इशारा. दुसऱ्यावर दारात उभी मुलगी आणि 'बाबा, लवकर घरी या'. तिसऱ्यावर हनुवटी, पट्टा अडकवणारी दोन बोटं आणि 'पट्टा लावला? मग निघा.' काळी अक्षरं, पिवळी पार्श्वभूमी. कार्यालयात सगळ्यांचा कौल पहिल्याला होता. माझाही.

एकेक फलक एकेक आठवडा, त्याच खांबांवर ठेवला. मानपाडा आणि पातलीपाड्याला उतरणाऱ्या प्रवाशांना आम्ही रोज संध्याकाळी विचारायचो. 'हेल्मेटचा फलक पाहिलात का?' असं विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. म्हणून आधी फक्त एवढंच विचारायचं: 'वाटेत कसले फलक दिसले?' त्यानंतर: 'त्यात काय करायला सांगितलं होतं?' शेवटी तीन-चार घोषणा वाचून दाखवायच्या. त्यातली एक, 'मोबाइल खिशात, लक्ष रस्त्यात', आम्ही कुठे लावलेलीच नव्हती. तीही पाहिली म्हणणारे रोज निघायचे. त्या लोकांची शेवटच्या प्रश्नाची उत्तरं आम्ही बाजूला ठेवायचो. प्रवासी डाव्या खिडकीला होता की उजव्या, हेही लिहायचो, नाहीतर बसायच्या जागेचा दोष फलकाच्या माथी जातो.

पहिला फलक सर्वांत जास्त लोकांना आठवला. पण 'काय करायला सांगितलं होतं?' म्हटलं की 'गाडी हळू चालवा', 'दारू पिऊ नका', 'अपघाताचं काहीतरी'. पट्ट्याचं नाव क्वचित यायचं. चित्राने संदेश खाल्ला होता. एक बाई म्हणाल्या, "मी तिथे आलं की मोबाइलमध्ये बघते." किम विट या संशोधक बाईंनी 1992 साली हेच मांडलं होतं. भीती दाखवली पण जीव वाचवण्याचा सोपा उपाय हाती दिला नाही, तर माणूस धोका टाळत नाही, भीती टाळतो. शिवाय दिवेलागणीला काळ्यावरची लाल अक्षरं दिसेनाशी व्हायची. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग सर्वांत आधी काळा दिसू लागतो.

दुसऱ्या फलकाचा सूर प्रेमळ होता आणि लोकांना तो मनापासून आवडला. तिसऱ्या दिवशी एक रिक्षावाले काका मला म्हणाले, "ताई, पोरगी लवकर या म्हणते, म्हणजे माणूस गाडी पळवणारच की." त्यांचं बरोबर होतं. आमच्यापैकी कोणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. तो आठवडा आम्ही तिथेच थांबवला.

तिसरा फलक पहिल्याइतक्या लोकांना आठवला नाही. पण ज्यांना आठवला, त्यातल्या बहुतेकांनी नेमकं सांगितलं: पट्टा. काहींनी बोलता बोलता हनुवटीखाली हात नेला. त्या दिवशी मला फार आनंद झाला. तरी यातही एक खोट होती. आमच्या फाँटमध्ये 'ट्ट' एकाखाली एक होता आणि लांबून तो काळा गोळा दिसायचा. काहींनी 'पट्टा' ऐवजी 'पत्ता' वाचलं. आम्ही तेवढं जोडाक्षर हाताने मोकळं करून घेतलं, आतली पिवळी जागा वाढवली आणि एसी बसच्या काचेतून पुन्हा वाचून पाहिलं. संस्थेने तोच फलक सगळीकडे लावला.

आठवणं आणि करणं यांत अंतर आहे, हे मी प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगते. आम्ही सिग्नलला उभं राहून पट्टे मोजले होते. आकडा वाढला होता, पण त्याच आठवड्यात वाहतूक पोलिसांची तपासणीही चालू होती. ते श्रेय फलकाचं म्हणून मी घेतलं नाही.

आज आम्ही सातजण आहोत, मशीन नवीन आहे. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाचे पत्रे उभे राहिल्यापासून कुठला खांब खिडकीतून दिसतो ते पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. म्हणून आमच्या कोटेशनमध्ये छपाई आणि फिटिंगच्या खाली आता एक वेगळी ओळ असते: बसफेरी, सकाळ आणि संध्याकाळ, दोन माणसं, डावी खिडकी.