तुम्ही विचारलंत म्हणून: वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टचं

"दादा, आरओचं वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घेऊ का नको? तुम्हीच विकता, तरी खरं सांगा."

तुमच्या नळाला पाणी कुठलं येतं त्यावर आहे सगळं. वाघोलीकडं बोअर नि टँकरवर चालणारी सोसायटी असेल तर घ्या. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी असेल तर माझ्या मीटरवर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, बहुतेक वेळा दीडशेच्या आतच दिसतो, तिथं क्षार अडवणाऱ्या मेम्ब्रेनवर लोडच येत नाही, मग दरवर्षी तीन-चार हजार कशाला भरायचे, गाळाचा नि कार्बनचा असे दोन फिल्टर वेळेवर बदला, बास. (आमचे शेठ हे वाचून ओरडतील, ओरडू दे.)

आणि घेतलंत तर कागद वाचून घ्या. साध्या एएमसीत, म्हणजे वर्षाच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये, फक्त येणं-जाणं नि सफाई फुकट, पार्टचे पैसे वेगळे. पार्टसकट म्हणतात त्यातसुद्धा बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात मेम्ब्रेन नि पंप वगळलेला असतो, आणि महाग तेच दोन असतात हो.

हे विकायचं कसं ते मला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं. पिशवीत एक छोटं यंत्र द्यायचे, दोन ग्लासात दोन दोन सळ्या, करंट सोडला की नळाचं पाणी मिनिटाभरात चहासारखं तपकिरी, आरओचं तसंच स्वच्छ. बाई घाबरायच्या, लगेच सही. मी वर्षभर हे केलं. नंतर कळलं की ती घाण पाण्यातली नाहीच, लोखंडाची सळई विरघळून पाण्यात उतरते. पाण्यात क्षार असले की करंट वाहतो नि सळई झिजते, आरओच्या पाण्यात क्षारच कमी म्हणून काही होत नाही. कुणी दाखवायला आला तर आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका नि त्यालाच परत लावायला सांगा, तेही पाणी तपकिरी होईल. स्वतः हात घालू नका, घरच्या लाइटचा करंट असतो तो.

आता बोअरवाल्यांना कॉन्ट्रॅक्ट घ्या का म्हणतो ते सांगतो, आणि यात चूक माझीच आहे. कामाला लागून सहा महिने झाले होते, एका काकूंकडं गेलो. नळाचं पाणी 820, आरओचं 210, आणि टाकी भरायला दिवस लागतोय. आमच्या हिशोबात धड चालणारं मेम्ब्रेन आलेल्या क्षाराचा साधारण दहावा भाग पुढं सोडतं, म्हणजे 80 च्या आसपास यायला पाहिजे होतं. मी म्हटलं मेम्ब्रेन गेलं. 1500 रुपये घेतले, नवीन टाकलं, मीटर बुडवलं तर 180! काकू म्हणाल्या, "अरे बाळा, एवढ्यासाठी पंधराशे?"

मान खाली घालून उस्तादला फोन केला. त्यांनी एकच विचारलं, सांडपाण्याची नळी बघितलीस का. बघितली तर तोटी उघडल्यासारखं धो धो पाणी जात होतं. त्या नळीवर एफआर म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, बोटाएवढा तुकडा, तो पाणी अडवून धरतो म्हणून मेम्ब्रेनवर दाब येतो. तो निकामी झाला की पाणी सरळ बाहेर, दाब बसत नाही, मग शुद्ध पाणी थेंब थेंब येतं नि त्यात क्षारही जास्त. नवीनातलं नवीन मेम्ब्रेन टाका, काय फरक पडणार? शंभर रुपयांचा एफआर बदलला, काकूंचं जुनंच मेम्ब्रेन परत बसवलं, दहा मिनिटं पाणी वाहू दिलं (बंद मशीनचं पहिलं पाणी नेहमी जास्तच दाखवतं, ते मोजू नका) आणि मीटरवर 75. पंधराशे परत दिले, ते माझ्या पगारातून कापले गेले.

बोअरवर असं वर्षातून एक-दोनदा होतंच. कधी एफआर, कधी पंप कमजोर, कधी मेम्ब्रेनवर खरंच क्षार बसलेला. मेम्ब्रेन नि पंप धरून पार्टसकट कॉन्ट्रॅक्ट असलं की खर्च आमच्या अंगावर, म्हणून आम्ही आधी स्वस्तातलं कारण शोधतो. सुटं बोलावलंत तर काहीजण थेट महागाच्या पार्टवरच बोट ठेवतात.

एसीचं पण तेच बघा. दरवर्षी "गॅस भरावा लागेल" म्हणणारा आला तर त्याला लीक कुठं आहे ते दाखव म्हणा, गॅस आत फिरत राहतो, वापरून संपत नाही. लीक न काढता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात परत तोच येणार.

कूलरचं कॉन्ट्रॅक्ट मागू नका, मी देतही नाही. मार्चमध्ये टाकी घासा, गवत बदला, पंप फिरतोय का बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, घरीच होतं. फक्त प्लग काढून.