आमची वाटचाल: खतावणीपासून संगणकापर्यंत

बार्शीत आमचं हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. वडील गल्ल्यावर एकटे बसायचे तोवर दोन वह्या पुरायच्या. रोजमेळात दिवसाची जमा-नावे आणि खतावणीत प्रत्येक उधारीवाल्याचं एक पान. रात्री रोजमेळाची शिल्लक गल्ल्यातल्या रोकडीशी जुळली की शटर खाली. लिहिणारा हात एकच असेल तर या पद्धतीत मला आजही खोट दिसत नाही.

मी दुकानात आलो, पुढे काउंटरला एक मुलगा ठेवला, तेव्हा वहीवरून ओढाताण सुरू झाली. म्हणून एक्सेल घेतलं. बेरजा बिनचूक, कुणाचीही बाकी क्षणात. पण वसुली मी घरच्या लॅपटॉपवर भरायचो आणि विक्री मुलगा दुकानात, म्हणजे एका फाइलच्या दोन झाल्या. एका प्लंबरची मागची बाकी १८,४०० होती. त्यानं ६,२५० चा माल नेला, १,१५० चा परत केला आणि १०,००० रोख दिले. खरी बाकी १३,५००. दुकानातली फाइल मात्र २३,५०० दाखवत होती, कारण रोख रक्कम माझ्याकडच्या फाइलीत होती. माणूस चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं.

असा घोळ पकडायला एक ताळा आहे. महिन्याच्या सुरुवातीची एकूण उधारी घ्यायची, त्यात उधार विक्री मिळवायची, वसुली आणि परत आलेला माल वजा करायचा. येणारा आकडा सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या बेरजेइतकाच हवा. फाइल ऑनलाइन ठेवून दोघांनी एकत्र भरली तर प्रतींचा प्रश्न सुटतो, पण कुणी एकच रकाना निवडून क्रम लावला की नावं एकीकडे आणि रकमा दुसरीकडे जातात.

शेवटी हिशोबाचं साधं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात बिल एकदा केलं की ग्राहकाचं खातं, साठा आणि जीएसटीची नोंद तिन्ही बदलतात. मुलाला फक्त बिल करण्याची परवानगी. जुनं बिल खोडणं माझ्याकडे. सुरुवात १ एप्रिलला केली. नव्या आर्थिक वर्षात बिलांचा क्रम नव्यानं लावता येतो आणि वर्षअखेरच्या बाक्याच आरंभीच्या बाक्या म्हणून भरता येतात. त्याआधी प्रत्येक उधारीवाल्याला त्याची बाकी दाखवून होकार घेतला. खरा वेळ गेला तो साठा मोजण्यात. एल्बो, टी, कपलिंग, प्रत्येक मापाचं वेगळं.

परत आलेला माल क्रेडिट नोट न करता तसाच रॅकवर ठेवला, तर सॉफ्टवेअरलाही ते कळत नाही. रॅकवर माल जास्त, संगणकात कमी, आणि ग्राहकाच्या नावावर बाकी तशीच. म्हणून दर शनिवारी एका रॅकची मोजणी करतो. रोजमेळ वडील अजून हातानंच लिहितात आणि रात्री रोकड आधी त्याच्याशी जुळवतो.