शेवटचा शब्द ‘कोठी’: चौथ्या खर्ड्यानंतरची नोंद

माझ्या नव्या कथेचा चौथा खर्डा काल रात्री संपला. पहिला ३,२०० शब्दांचा होता, हा १,४८० शब्दांचा आहे. मोठ्यानं वाचायला तेव्हा २६ मिनिटं लागत होती, आता १२ लागतात. पण आकडे बाजूला ठेवतो. या दीड महिन्यात मला एक गोष्ट नीट कळली, ती कथा लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी सविस्तर लिहून ठेवतो.

आधी कथा थोडक्यात. शेषराव भाव वाढेल म्हणून कापूस विकत नाही, घरातच भरून ठेवतो. लेक मंदा तान्हं बाळ घेऊन माहेरी आलेली आहे. दिवाळीला मागच्या खोलीत असलेला ढीग होळीपर्यंत मधल्या घरात येतो. घरात खूप दिवस पडलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. बाळाच्या अंगावर पुरळ येतं. मंदा सासरी परत जायला निघते. शेषराव म्हणतो, “राह्य ना पोरी, आनखी चार रोज.” मंदा म्हणते, “कोठी, बाबा?” कथा तिथंच संपते.

आपल्या वऱ्हाडी बोलीत ‘कोठी’ म्हणजे कुठं, आणि धान्य साठवायची ती पण कोठीच. ही एक जागा सापडली तेव्हाच मला कथा सापडली. वाचणाऱ्याला त्या शब्दापाशी कोंडल्यासारखं झालं पाहिजे, एवढा एकच परिणाम मला हवा आहे. शेतकऱ्याची कीव, व्यापाऱ्याचा राग, सरकारवरची चीड हे सगळं माझ्या मनात आहे, पण ते या कथेचं काम नाही.

अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पोनं १८४२ साली नॅथॅनियल हॉथॉर्न या दुसऱ्या अमेरिकन लेखकाच्या कथांवर लिहिताना हाच आग्रह धरला होता. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, लेखकानं आधी एक परिणाम मनाशी पक्का करावा, आणि त्या परिणामाकडं न नेणारा एकही शब्द लिहू नये. मी हे कित्येक वर्षांपूर्वी वाचलं होतं आणि चुकीचं समजलो होतो. मला वाटलं, कोंडमारा दाखवायचा तर प्रत्येक ओळीत काळोख, धूळ, खोकला आणि बंद खिडक्या हव्यात. दुसरा खर्डा मी तसाच लिहिला. वाचून दाखवला तर आमच्या बैठकीतले गुरुजी म्हणाले, “दुसऱ्याच पानावर कळलं भाऊ, आता पुढं काय सांगता?” त्यांचं खरं होतं. सगळे तपशील एकाच सुरात रडायला लागले की वाचणारा सावध होतो आणि परिणाम शेवटापर्यंत टिकत नाही.

मग मी पोचीच १८४६ सालची ‘द कास्क ऑफ अमोन्टिलाडो’ पुन्हा वाचली, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. मोंट्रेसर नावाचा माणूस फोर्चुनाटोला दारूच्या पिंपाचं आमिष दाखवून तळघरात नेतो आणि भिंतीआड जिवंत चिणतो. अशा भयंकर कथेत दोघांची भेट कधी होते? उत्सवाच्या संध्याकाळी. फोर्चुनाटोच्या अंगावर विदूषकाचे रंगीत कपडे आहेत, डोक्यावर घुंगरांची टोकदार टोपी आहे. वाटेत तो खोकतो आणि म्हणतो, खोकल्यानं काही मी मरणार नाही. मोंट्रेसर म्हणतो, खरं आहे. पुढं गमतीगमतीत झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. वरवर पाहिलं तर हे सगळं हसण्याखेळण्याचं आहे. पण भिंतीचा अकरावा थर पुरा होत येतो, शेवटचा दगड बसायचा राहतो, मोंट्रेसर आत हाक मारतो आणि उत्तरादाखल फक्त घुंगरांचा आवाज येतो. सुरुवातीला टोपी पाहून जे हसू आलेलं असतं, तेच तिथं अंगावर काटा आणतं.

म्हणजे तपशिलानं परिणामासारखं दिसायची गरज नाही. तो उलट्या रंगाचा असला तरी चालतो, पुष्कळदा तोच जास्त काम करतो. फक्त त्यानं शेवटी हजर राहिलं पाहिजे, निदान वाचणाऱ्याच्या मनात तरी. तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. तपशील झाकायचा, मग शेवटची ओळ वाचायची. ‘कोठी’ हा शब्द हलका झाला तर तपशील राहील. काहीच फरक पडला नाही तर जाईल, मग तो कितीही देखणा असो.

या कसोटीवर सगळ्यात जास्त जीव तुटला तो सीतादहीच्या परिच्छेदावर. पहिल्या वेचणीआधी शेतात केलेली पूजा, दहीभात, सकाळचं दव, ओटीत कापूस धरून उभी असलेली शेषरावची बायको. साडेतीनशे शब्द होते, आणि मी आजवर लिहिलेल्यातले ते बरे शब्द होते. उलटा रंग हवा असं म्हणून मी तो परिच्छेद दोन खर्डे वाचवत आणला. पण झाकून पाहिला तर शेवट जसाच्या तसा राहत होता. कारण सोपं होतं: घुंगरू तळघरात येतं, माझं सीतादही शेतातच राहत होतं. आता त्या साडेतीनशे शब्दांच्या जागी एक वाक्य आहे. पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस माय देव्हाऱ्यात ठेवते. पुढं संक्रांतीनंतर ढीग देव्हाऱ्यापर्यंत येतो, कापसाजवळ दिवा नको म्हणून ती दिवा उचलून ओसरीवर नेते. तिनं भक्तीनं आत ठेवलेल्या मुठीमागून सगळा ढीग आला आणि देवाचा दिवा घराबाहेर गेला. हे मी कथेत कुठंही सांगत नाही.

विस्तवाची भीती हा धागा मला तिथंच मिळाला. पहिल्या खर्ड्यात शेषरावच्या तोंडात बिडी होती, ती केवळ म्हातारा माणूस दिसावा म्हणून. झाकून पाहिली, काही फरक पडला नाही, म्हणून काढली. पण दिवा बाहेर गेल्यावर ध्यानात आलं की बिडीही बाहेर जाणार, चूलही अंगणात जाणार. आता शेषराव बिडी ओढायला स्वतःच्याच घराबाहेर थंडीत उकिडवा बसतो, आणि मंदा अंगणातल्या चुलीवर बाळासाठी पाणी तापवते. निरुपयोगी म्हणून काढलेला तपशील दुसऱ्या जागी ठेवला तर भार उचलायला लागला. म्हणून काढलेलं मी फाडून टाकत नाही, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो.

सरकारी दवाखान्याचा प्रसंग मात्र पूर्ण गेला. तिथं डॉक्टर सांगत होते की हे कापसामुळं आहे. वाचणाऱ्याला ते आधीच कळलेलं असतं. आता फक्त माय कडुलिंबाचा पाला टाकलेल्या पाण्यानं बाळाला धुते, एवढंच आहे.

तिसऱ्या खर्ड्यात मी उलटी चूक केली. कापत कापत १,१०० शब्दांवर आलो आणि खूष झालो. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “आठ दिवसांत एवढं काय झालं तिले जायले?” तिला वाटलं सगळं आठवड्याभरात घडलं. काळच कापला गेला होता, आणि काळ गेला की कोंडमाराही जातो, कारण कोंडणं हळूहळू होतं. तारखा आणि महिने लिहून बघितले, तर ती जमाखर्चाची वही वाटायला लागली. शेवटी तिळगुळाच्या डब्यानं काम केलं. संक्रांतीला माय डबा फळीवर ठेवते. होळीच्या सुमारास मंदा म्हणते, “माय, तिळगुळाचा डबा दे ना.” माय ढिगाकडं हात करते. दोन ओळींत दीड महिना गेला, फळी बुजली, आणि घरातला गोडवा कापसामागं अडकला. घट्ट लिहिणं म्हणजे कमी शब्द, असं मी समजत होतो. आता वाटतं, एका वस्तूकडून दोन-तीन कामं करून घेणं म्हणजे घट्ट लिहिणं. शब्द मग आपोआप कमी होतात. नुसते शब्द कापले तर १,१०० ला पोचता येतं, पण कथा लंगडी होते.

गुरुजींचा एक आक्षेप मी इथं नोंदवतो, कारण तो हलका नाही. ते म्हणतात, आयुष्यात सगळंच काही कामाचं नसतं. प्रत्येक वस्तू कामाला जुंपली की कथा खोटी वाटते, घर राहत नाही, यंत्र होतं. मी त्यावर चार दिवस विचार केला. माझ्या कथेत ओसरीच्या खांबाला एक बंद पडलेलं घड्याळ होतं, आणि ते बरोबर तसंच खोटं वाटत होतं. थांबलेला काळ दाखवायला मी ते मुद्दाम टांगलं होतं, हे कुणालाही दिसत होतं. ते काढलं. पण बिडी, डबा, दिवा असे वाटत नाहीत, कारण कापूस साठवलेल्या घरात ते तसेही असतातच. म्हणजे माझं उत्तर असं की तपशिलाला दोन नोकऱ्या कराव्या लागतात. आधी त्या घरातला म्हणून खरं ठरायचं, मग शेवटासाठी राबायचं. पहिली नोकरी जमली नाही तर दुसरी उघडी पडते. लांब कादंबरीत नुसतं पहिलं केलं तरी भागतं, तिथं जागा आहे. बारा मिनिटांत नाही.

‘कोठी’बद्दलही हीच काळजी घ्यावी लागली. तिसऱ्या खर्ड्यात माय एकदा म्हणायची, “घराची कोठी करून टाकली तुम्ही.” वाक्य झकास होतं, पण शेवटच्या शब्दाचं गुपित तिनं आधीच फोडलं. ते काढलं. आता मागच्या खोलीला घरातले सुरुवातीपासून कोठीच म्हणतात, सहज, दोनदा. “कोठीतून सूप आन,” एवढंच. शेवटी मंदा ‘कोठी’ म्हणते तेव्हा ती ‘कुठं’ एवढंच विचारत असते. दुसरा अर्थ वाचणाऱ्याच्या कानात आपण होऊन उठला पाहिजे.

एक गोष्ट अजून अडलेली आहे, मांजर. ती कापसात व्यालेली आहे, मऊ उबेत चार पिल्लं. घरात तिला जागा मिळाली, लेकीला नाही. झाकून पाहिलं तर ‘कोठी’ खरंच हलका होतो, म्हणजे मांजर राहणार. पण चौथ्या खर्ड्यात ती मंदा निघायच्या जरा आधी येते, आणि तिथं ती बोट दाखवून सांगितल्यासारखी वाटते. आज सकाळी ते वाक्य उचलून संक्रांतीच्या आधी टाकलं, जिथं मंदाच कौतुकानं पिल्लं मोजते आणि बाळाला दाखवते. रविवारी गुरुजींना वाचून दाखवणार आहे. शेवटाला पोचल्यावर त्यांना पिल्लं आठवतात का, तेवढंच मला बघायचं आहे.