न मिळालेली पानं पहिल्या परिच्छेदात का?

“माहिती अधिकारात मिळालेल्या फायलीचा सारांश म्हणजे जे आहे ते थोडक्यात. मग न मिळालेल्या पानांबद्दल सुरुवातीलाच एवढं का लिहिता? सभासद घाबरतात.”

सभासद घाबरतात हे खरं आहे. पण उत्तर एका फायलीवरूनच देता येईल. समजा, मुंबईतल्या एका गृहनिर्माण संस्थेचे दोन स्ट्रक्चरल ऑडिट आहेत. एकात इमारत सी-1, म्हणजे रिकामी करून पाडण्याची. दुसऱ्यात सी-2बी, म्हणजे रहिवासी न हलवता दुरुस्तीची. अहवाल असे भिडले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. वॉर्ड ऑफिसमधून माहिती अधिकारात फाइल मिळाली आहे आणि विशेष सभेत ठरवायचं आहे, दुरुस्ती की पुनर्विकास.

सगळ्यात आधी मजकूर नाही, शुल्काचं पत्र बघावं. पानाला 2 रुपये दराने 212 रुपये मागितले असतील तर फायलीची पानं 106. हातात आली 98. मग कोपऱ्यातले हाताने टाकलेले आकडे टिप्पणीच्या भागात वेगळे आणि पत्रव्यवहाराच्या भागात वेगळे तपासायचे. टिप्पणीत 12, 14, 16, 18 नाहीत. पत्रव्यवहारात 63 ते 66 नाहीत. गेलेली आठही पानं कोणती ते कळलं, पण दोन्ही प्रकार सारखे नाहीत. टिप्पणीतली फक्त सम पानं गेली आहेत आणि 11 चं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं आहे, म्हणजे झेरॉक्स काढताना पाठीमागची बाजू राहिली. इथे लपवाछपवीचा आरोप करू नये. फाइल पाहण्याचा अर्ज करून ती पानं बहुधा त्याच बैठकीत वाचून होतात.

63 ते 66 वेगळी गोष्ट आहे. टिप्पणी पान 17 वर लिहिलंय, “समितीचा अहवाल प.पृ. 63 वर”. प.पृ. म्हणजे पत्रव्यवहाराचं पृष्ठ, तेव्हा गेलेला कागद नेमका निर्णायक आहे. आणि टिप्पणी पान 19 वर हे वाक्य आहे:

“अहवालानुसार इमारत ████ वापरण्यास योग्य.”

इथे मला सगळ्यांत जास्त वेळ लागतो, आणि तुमची तक्रारही इथूनच सुरू होते. कोणी हे पान ओसीआरने टाइप करून घेतलं की काळी पट्टी गायब होते आणि उरतं, “अहवालानुसार इमारत वापरण्यास योग्य.” पट्टीखाली “तात्पुरती” असेल, “दुरुस्तीनंतर” असेल, “तळमजला वगळता” असेल. म्हणून अवतरणात पट्टी तशीच दाखवायची, तिच्या जागी तीन टिंबंही द्यायची नाहीत, कारण टिंबं पाहून वाटतं की लिहिणाऱ्यानेच गाळलं.

पट्टीसोबत कारण दिलंय का, हेही लिहायचं. काही भाग वगळून बाकीचं देताना माहिती अधिकार कायद्याच्या कलम 10 खाली अर्जदाराला कारणांसह कळवावं लागतं. वैयक्तिक माहिती म्हणून एखाद्याचा फोन नंबर झाकला असेल तर एक ओळ पुरे. योग्यतेच्या वाक्यातला शब्द कारण न देता झाकला असेल तर तेही सारांशात यायला हवं.

आता तुमचा मुद्दा. गेलेल्या पानांची यादी शेवटी परिशिष्टात असावी असं एकेकाळी माझंही मत होतं. ते अजून पूर्ण सुटलेलं नाही, कारण प्रत्येक पट्टी वर आणली तर वाचणारा खरोखर थकतो. म्हणून आता एकच कसोटी लावतो. रिकाम्या जागेत आधी सगळ्यात चांगलं उत्तर भरायचं, मग सगळ्यात वाईट. दोन्हींत ठराव तोच राहत असेल तर ती पोकळी परिशिष्टात. बदलत असेल तर पहिल्या परिच्छेदात. फोन नंबरने ठराव बदलत नाही. 63 ते 66 मध्ये सी-1 असेल तर दुरुस्तीचा ठराव माणसांच्या जिवावर बेतू शकतो. त्या पानांसाठी मी असं लिहितो:

“समितीचा अहवाल (प.पृ. 63–66) मिळालेला नाही. तो तयार झाला हे टि.पृ. 17 वरून कळतं. निष्कर्ष कळत नाही. टि.पृ. 19 वरचं योग्यतेचं वाक्य अंशतः झाकलेलं आहे, कारण दिलेलं नाही. इमारतीचा वर्ग या फायलीवरून ठरत नाही.”

यात “बहुधा” नाही, अंदाज नाही. आजूबाजूच्या पत्रांवरून अहवालात काय असेल ते मला सुचतं, आणि ते लिहायचा मोह मोठा असतो. पण सभेत तो अंदाज दोन तोंडांतून गेला की अहवाल होतो.

पहिलं अपील 30 दिवसांत करता येतं, त्याचा निकाल यायला 30 ते 45 दिवस जातात. सभा त्याआधीच असते. अशा वेळी सभा पुढे ढकलावी की अहवाल मिळेपर्यंत टेकू लावून फक्त तातडीचं काम मंजूर करावं, यावर माझं तुमच्याशी एकमत झालेलं नाही. अपील मात्र सभेच्या तारखेकडे न बघता दाखल करा.