पेन्शन विक्रीचा हिशेब मी कसा पडताळून पाहिला

मी जून 2024 अखेर केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून साठाव्या वर्षी निवृत्त झालो. शेवटचं मूळ वेतन 70,000 रुपये, म्हणजे पेन्शन 35,000. त्यातला जास्तीत जास्त 40 टक्के भाग एकरकमी पैशांच्या बदल्यात विकता येतो आणि मी तेवढा विकला. दरमहा 14,000 कमी होऊन हाती 21,000 मूळ पेन्शन राहणार, हे मला पाठ होतं.

एकरकमी पैसे जुलैच्या पहिल्या आठवड्यात जमा झाले: 13,76,592. मी लगेच वही काढली. सूत्र सोपं आहे: विकलेली मासिक रक्कम गुणिले बारा गुणिले वयानुसार ठरलेला गुणक. तक्त्यात साठ वर्षांपुढे 8.287 होतं. 14,000 × 12 × 8.287 करून आले 13,92,216. म्हणजे 15,624 रुपये कमी! त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लेखा विभागातून पूर्वीच निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आकडे न बघताच विचारलं, "अहो, साठ तर तुम्ही जूनमध्येच पुरी केलीत. आता पुढचा वाढदिवस कितवा?" एकसष्टावा. गुणक पुढच्या वाढदिवसाच्या वयाचा धरतात, पूर्ण झालेल्या वयाचा नाही. एकसष्टपुढे 8.194. 1,68,000 ला त्याने गुणलं आणि बरोबर 13,76,592 आले, रुपयाचाही फरक नाही. वय वाढतं तसा गुणक उतरतो, म्हणून एका ओळीच्या फरकाने माझे पंधरा हजार इकडचे तिकडे दिसत होते.

खरी चूक महिनाअखेरीस निघाली, आणि तीही मी शोधली नव्हती अशा ठिकाणी. पेन्शन जमा झाली 31,500. महागाई भत्ता तेव्हा 50 टक्के होता. 21,000 वर 50 टक्के म्हणजे 10,500, बेरीज 31,500. वरवर पाहता हिशेब जुळतो! पण महागाई भत्ता विक्रीआधीच्या मूळ, पूर्ण पेन्शनवर मिळतो. विकलेला भाग फक्त मूळ रकमेतून वजा होतो. 35,000 चे 50 टक्के म्हणजे 17,500, आणि हाती यायला हवे होते 38,500. दरमहा 7,000 चा फटका, आणि दर वाढला की तोही वाढत गेला असता.

मी पीपीओची, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाची, झेरॉक्स काढली. त्यावर पूर्ण पेन्शन, विकलेला भाग आणि कमी झालेली पेन्शन असे तिन्ही आकडे वेगवेगळे छापलेले असतात. पहिल्या आकड्याभोवती लाल गोल काढला, अर्जात गणित दोन ओळींत मांडलं आणि बँकेत दिलं. काउंटरवरच्या मॅडमनी पोच दिली. ऑगस्टच्या पेन्शनमध्ये जुलैचे 7,000 फरकासह आले.

एकरकमी पैसे जमा झाल्याची तारीख मी पासबुकातून पीपीओच्या झेरॉक्सवर उतरवून ठेवली आहे. विकलेले 14,000 पंधरा वर्षांनी परत सुरू व्हायचे आहेत, आणि तेव्हा ही तारीख कुणीतरी विचारणारच.