एकाच बाळाच्या तीन तारखा

डिसेंबरच्या 23 तारखेला अमळनेर तालुक्यातील एका खेड्यातून सासू-सून माझ्या सोनोग्राफी केंद्रात आल्या. गावातील आशाताईंना पोट लहान वाटल्याने त्यांनीच पाठवले होते. सुनेच्या हातात कापसाच्या दुकानाची पिशवी होती आणि तिच्यात चार रिपोर्ट होते. सून टेबलावर झोपण्याआधीच सासूबाईंनी विचारले, "डॉक्टरबाई, इतला फोटू काढात, पोरले चटका ते नही बसना ना?"

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. पण त्या लहरींची थोडी ऊर्जा शरीरात शोषली जाते आणि तिची उष्णता होते. म्हणूनच यंत्राच्या पडद्यावर `TI` हा आकडा सतत दिसत असतो. 1 म्हणजे तापमान जास्तीत जास्त साधारण एक अंशाने वाढू शकेल, असा तो अंदाज. साध्या कृष्णधवल तपासणीत तो बहुधा बराच खाली राहतो. रक्ताचा प्रवाह मोजणाऱ्या डॉप्लरमध्ये मात्र लहरी एकाच जागी रोखून धरल्या जातात, त्यामुळे तो चढतो. गर्भाला इजा झाल्याचे माणसांत सिद्ध झालेले नाही, तरीही पहिल्या तिमाहीत विनाकारण डॉप्लर लावू नये, असाच शास्त्राचा दंडक आहे. पिशवीतील पहिल्या रिपोर्टवर, आठव्या आठवड्यात, नेमका डॉप्लरचा आलेख छापलेला होता. नातेवाइकांना ठोके ऐकवण्याची ही हौस मला कधीच पटलेली नाही. ठोके मोजायला हृदयाची हालचाल रेषेत दाखवणारा एम-मोड पुरतो.

पण त्याच रिपोर्टमध्ये सर्वांत मोलाची गोष्ट होती. 10 जून रोजी गर्भाची लांबी 16 मिलिमीटर, म्हणजे पूर्ण आठ आठवडे, आणि प्रसूतीची तारीख 20 जानेवारी. पहिले मूल अंगावर पीत असल्याने सुनेला पाळीची तारीख सांगता येत नव्हती, म्हणून हीच तारीख खरी धरायला हवी होती. या वयात लांबीवरून काढलेल्या तारखेत चार-पाच दिवसांची चूक होते. शेवटच्या तिमाहीत हीच चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते, कारण तेव्हा बाळ लहान आहे की कमी दिवसांचे आहे, हे नुसत्या मापांवरून ओळखता येत नाही.

दुसरी तपासणी सोळाव्या आठवड्यात, अवयव नीट दिसण्याआधीच, उरकली होती. ज्या अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास खरी गरज होती, तेव्हा कपाशीची निंदणी चालू होती. तिसऱ्या रिपोर्टवर प्रसूतीची तारीख 27 जानेवारी होती आणि चौथ्यावर, दुसऱ्या गावच्या केंद्रातील, 3 फेब्रुवारी. चौथ्यात 'वाढ वयानुसार योग्य' असेही लिहिले होते. यंत्र मापांची सरासरी काढून प्रत्येक वेळी नवी तारीख छापते आणि आम्ही ती खोडत नाही. बाळ मागे पडत गेले, तशी तारीख पुढे सरकत गेली, त्यामुळे ते कागदावर कायम वयाचेच दिसत राहिले.

मी 20 जानेवारी धरून माप घेतले. बाळ छत्तीस आठवड्यांचे. डोके चौतीस आठवड्यांएवढे आणि पोटाचा घेर 28 सेंटिमीटर, म्हणजे बत्तिसाव्या आठवड्याचा. उपाशी बाळात आधी पोटच आटते, कारण यकृतातला साठा संपत जातो. आता नाळेचा डॉप्लर टाळणे शक्य नव्हते. सासूबाईंना पडद्यावरचा, हाडासाठीच्या उष्णतेचा `TIb 0.6` हा आकडा दाखवला, तीन मिनिटांत आवरते म्हणून सांगितले आणि नाळेची धमनी धरली. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातही रक्त वारेकडे वाहत राहायला हवे. येथे आलेख प्रत्येक ठोक्यानंतर थेट तळरेषेला टेकत होता. मी लगेच जळगावला फोन केला. रात्री सिझेरियन झाले. वजन 1 किलो 850 ग्रॅम भरले, आणि काही दिवस काचेच्या पेटीत काढून बाळ घरी गेले.

जागतिक आरोग्य संघटना 2016 पासून चोविसाव्या आठवड्यापूर्वी एक तपासणी हवीच, असे सांगते. निरोगी बाईला मी तीन सांगते: अकरा ते चौदा आठवड्यांत एक, अठरा ते वीसमध्ये दुसरी आणि शेवटच्या तिमाहीत वाढीसाठी तिसरी, त्यापुढची प्रत्येक काही ठोस शंका असेल तरच. हिच्या चार झाल्या होत्या, तरी पाचवी करावी लागली, आणि कामाची तीच ठरली.

राहता राहिला तिसरा रिपोर्ट, 4 नोव्हेंबरचा, 27 जानेवारीचा. तो माझ्या केंद्रातला आहे, खाली सही माझी आहे. त्या दिवशी सून पिशवी घरी विसरली होती आणि बाहेर रांग होती, म्हणून मी जुना रिपोर्ट मागितला नाही. एका आठवड्याचा फरक चुकीच्या मर्यादेत बसतो, तेव्हा कदाचित काहीच कळले नसते. पण 20 तारीख हाती असती, तर दोन-तीन आठवड्यांनी मी तिला पुन्हा नक्की बोलावले असते. आता पहिला कागद पाहिल्याशिवाय मी तारखेची ओळ छापू देत नाही. सासूबाईंना चटक्याचे उत्तर मी दिले, या ओळीविषयी मात्र अजून काही बोललेले नाही.